बेरीज जुळली आणि चारशे चुकले

"ताई, तुम्ही उधारीच्या वहीचा फोटो बघून शीटवर टाईप केलंत, बेरीज वहीशी रुपयाला रुपया जुळली. मग आता परत एकेक आकडा कशाला बघत बसायचं? तेवढ्यात चार गिऱ्हाइकं होतात की!"

मालक, तुमच्यासारख्याच एका किराणा दुकानाचं सांगते, मंगळवार पेठेतलं. नाव नको, कारण चूक माझी होती. उधारीच्या वहीचं एक पान, बावीस ओळी, खाली बेरीज ११,६४०. मी टाईप केलं, शीटवरही ११,६४० आले. मी खूश, मालक खूश. महिनाअखेरीला एक मावशी हिशेब भागवायला आल्या आणि त्यांच्या नावावर ८६० निघाले. त्यांनी पिशवीतनं स्वतःची छोटी वही काढली. त्यात त्याच तारखेला ४६० होते.

वही उघडली तर मावशींचंच खरं. मग चारशे जास्त लागूनही बेरीज जुळली कशी? तासभर डोकं खाजवल्यावर कळलं. त्याच पानावर नऊ ओळी खाली एका रिक्षावाल्याचे 850 होते, ते मी 450 टाईप केले होते. इकडे चारशे वाढले, तिकडे चारशे कमी झाले. बेरजेला काय, तिच्या लेखी सगळं ठीकच.

आता हा नुसता योगायोग म्हणाल, तर तसं नाही. त्या दुकानात वही दोघं लिहितात. वडील मराठी आकडे काढतात, पोरगा इंग्रजी. वडिलांचा ४ घाईत लिहिला की वरची दोन टोकं जवळ येतात आणि तो इंग्रजी 8 दिसतो. पोराचा 8 वर नीट मिटत नाही, तो ४ दिसतो. म्हणजे एकच गफलत दोन्ही बाजूंनी होते आणि दोन्ही चुका शतकाच्या घरात पडल्या की एकमेकींना फेडून टाकतात. अशी दोन हातांची वही आपल्याकडे दर तिसऱ्या दुकानात असेल. १ आणि इंग्रजी 9 यांचंही तेच. त्या वडिलांचा १ म्हणजे वर गोळा आणि खाली शेपूट, तो 9 वाचला की दीडशेचे साडेनऊशे झालेच म्हणून समजा.

आणखी एक नमुना तुमच्याच वहीत आहे. रकमेपुढं तुम्ही तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारता ना, ५०/- अशी? फोटोत ती तिरकी रेघ जरा सरळ आली की 501 दिसतं. साखरेची पुडी पाचशे एक रुपयाला! अशी चूक मात्र बेरजेत सापडते, कारण फरक ४५१ चा येतो आणि तो लपत नाही. मला भीती न लपणाऱ्या चुकांची नसते.

काही चुका डोळ्याच्या नसतात, जिभेच्या असतात. ४७ ला आपण काय म्हणतो? सत्तेचाळीस. तोंडात सात आधी येतो, चाळीस नंतर. मनात वाचता वाचता बोटं सात आधी दाबतात आणि शीटवर 74 उमटतं. एकोणसत्तर, एकोणऐंशी तर विचारूच नका. अशी अदलाबदल ओळखायची जुनी खूण आहे. बेरजेतल्या फरकाला नऊनं भागायचं. ७४ वजा ४७ म्हणजे २७, नऊनं नि:शेष भाग जातो. शेजारशेजारचे दोन आकडे उलटले की फरक कायम नऊच्या पटीत येतो, म्हणून तसा फरक दिसला की आधी उलटलेले आकडे शोधावेत. पण हीच खूण ४ चा 8 झाला तर काही बोलत नाही, कारण ४०० ला नऊनं भाग जात नाही. आणि फरकच शून्य असेल तर भागायचं तरी कशाला? मावशींच्या पानावर फरक शून्यच होता.

बेरजेला न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रक्कम बरोबर आणि खातं चुकीचं. खाते क्रमांक २४ च्या जागी २८ पडला, की एकाचं तेल दुसऱ्याच्या नावावर. पानाची बेरीज जशीच्या तशी.

खरं सांगायचं तर माझी अजून एक खोड होती. बेरीज जुळेना की मी एखादा अंधुक आकडा 'हा बहुतेक सहाच असेल' म्हणून बदलायची, आणि जुळायची! एकदा तर वहीतलीच बेरीज दहानं चुकली होती आणि मी एक बरोबर आकडा बिघडवून ती जुळवली. तेव्हापासून अंधुक आकड्याचा रकाना पिवळा करून ठेवते आणि ज्यानं लिहिलंय त्याला विचारते. वहीची बेरीज वेगळ्या रकान्यात, शीटची वेगळ्या, `=SUM(D2:D23)` अशी. फरक आला तर तो तसाच दिसू दे.

तपासायचं कसं, ते आता. वहीचा फोटो समोर धरू नका, मूळ वहीच घ्या. फोटोत मागच्या पानाची शाई पुढं उमटते, शिवणीजवळचा आकडा वाकतो, आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून बारीक होतो. (पुढच्या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा दाबला जात नाही.) एकानं वही वाचायची, दुसऱ्यानं छापील कागदावर बोट ठेवायचं. 'चारशे साठ' म्हणायचं नाही, 'चार, सहा, शून्य' म्हणायचं. चारशे साठ म्हटलं की कान अर्थ लावतो आणि आकडा निसटतो. आधी खाते क्रमांक, मग रक्कम, आणि जुळलेल्या ओळीपुढं पेन्सिलीची टिंब. खालनं वर वाचलंत तर आणखी चांगलं, ओळीची सवय मोडते. बावीस ओळी म्हणजे रकमेचे साठ-सत्तर आकडे, चहा थंड व्हायच्या आत होतात. वाचणारा मात्र मी नको. माझ्या डोळ्यानं जो ४ एकदा 8 वाचला, तो दुसऱ्यांदाही 8 च वाचणार.

अडलात तर तारखेकडं बघा. तारखेतला महिना आणि साल आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळं त्या हाताचा २ कसा वळतो, ४ कुठं उघडा राहतो हे तिथंच कळतं. मी तर आता नव्या दुकानाचं काम घेताना पहिल्या दिवशीच वही लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर शून्य ते नऊ लिहून घेते आणि ती स्क्रीनच्या कडेला चिकटवते. तुमची आहे, तुमच्या पोराची अजून यायची आहे.

आणि त्या रिक्षावाल्याचं म्हणाल, तर तो ४५० भागवून केव्हाच गेला होता. मावशी भांडायला आल्या म्हणून चूक कळली. ज्याचे चारशे वाचले, तो कशाला येतोय सांगायला? मालकांनी मागितले नाहीत. म्हणाले, 'ताई, आता कुठल्या तोंडानं मागू?' मी त्या महिन्याच्या माझ्या पैशातनं चारशे वळते करून घ्या म्हटलं. त्यांनी दोनशेच घेतले.