तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी पुरते की दुर्बीण लागते?

«डॉक्टर, जळजळीची गोळी घेतली की मला बरं वाटतं. मग एंडोस्कोपी कशाला करायची?»

बहुतेकांना करावी लागत नाही. महिन्यातून दोन-चारदा घशाशी आंबट येतं, गोळी घेतली की थांबतं, बाकी खाणंपिणं आणि वजन ठीक आहे, अशा माणसाच्या अन्ननलिकेत मी दुर्बीण घातली तरी बहुधा काही दिसणार नाही. पण गोळीने बरं वाटणं हा पुरावा किती तोकडा आहे, हे मला सांगायचं आहे. दुकानातून आणलेलं अँटासिड जठरातलं आम्ल तासा-दोन तासांपुरतं मारतं. आम्ल कमी झालं की आग कमी होते. आतलं अस्तर लाल आहे, सोललंय की अरुंद होत चाललंय, हे त्या गोळीला कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही. म्हणून जळजळ किती होते यापेक्षा जळजळीसोबत आणखी काय होतंय, हे मी विचारते.

आणि सगळ्यात आधी गिळण्याबद्दल विचारते. एका रुग्णाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय 58. नऊ वर्षं जळजळ, नऊ वर्षं खिशात अँटासिडची पाकिटं. ते आले होते झोपेच्या तक्रारीसाठी. मी विचारलं, «घास अडकतो का?» ते म्हणाले, «नाही हो, अजिबात नाही.» शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, «सगळ्यांची जेवणं उरकतात तरी ह्यांचं चालूच असतं.»

मग एकेक गोष्ट बाहेर आली. पूर्वी पंधरा मिनिटांत जेवण व्हायचं, आता चाळीस मिनिटं लागत होती. दर घासामागे पाण्याचा घोट. कोरडं, चिवट काही असलं की «नको, भूक नाही.» मोठी गोळी दोन तुकडे करून घेत होते. वजन पाच महिन्यांत 74 किलोवरून 68 वर आलं होतं आणि त्याचं त्यांना बरंच वाटत होतं. ते खोटं बोलत नव्हते. घास अडकत नव्हता, कारण अडकेल असा घास ते घेतच नव्हते. अन्ननलिका हळूहळू अरुंद होते तेव्हा माणूस नकळत तिच्या मापाने जेवायला शिकतो. म्हणून «गिळताना त्रास होतो का» हा प्रश्न पुरत नाही. «जेवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का, काय खायचं सोडलंत, पाण्याशिवाय घास उतरतो का» असं विचारावं लागतं. हे प्रश्न घरच्या माणसाला विचारले तर उत्तर जास्त खरं मिळतं.

घास अडकण्याचा क्रमही बरंच सांगतो. आधी घट्ट पदार्थ, मग मऊ, मग पातळ, अशी अडचण वाढत गेली तर आत जागा कमी होते आहे असं समजावं. पहिल्या दिवसापासून पाणी आणि घास दोन्ही अडकत असतील, तर बिघाड बहुधा अन्ननलिकेच्या हालचालीत असतो. साधारण 13 मिलिमीटरपेक्षा वाट अरुंद झाली की घट्ट घास जाणवायला लागतो. म्हणजे जाणवेपर्यंत बरीच जागा गेलेली असते.

त्यांना आठवड्याच्या आत दुर्बीण केली. साधारण बोटाएवढ्या जाडीची ती नळी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला येऊन थांबली, पुढे जाईना. तिथे व्रण भरून भरून कडक झालेलं कडं होतं आणि त्याच्या वर ताजे ओरखडे. त्या जागेचे सहा बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. तुकडे काढताना दुखत नाही. कर्करोग निघाला नाही. वर्षानुवर्षांच्या आम्लाने आलेलं आकुंचन होतं. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा फुग्याने ती जागा हळूहळू रुंद केली आणि आम्ल तयार होणंच कमी करणारं औषध रोज सुरू केलं. इथे मला स्पष्ट सांगायचं आहे: त्या खुर्चीत बसून ते जे सांगत होते, तेच शब्द कर्करोगाचा रुग्णही सांगतो. बाहेरून फरक कळत नाही.

त्यांच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. «उलट जळजळ हल्ली कमीच झालीये.» लोकांना हे सुलक्षण वाटतं. कधी असतंही. पण सतत आम्ल लागून काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, आतड्यासारखं होतं. याला बॅरेट म्हणतात. हे नवं अस्तर आम्लाला कमी दुखतं, आणि कर्करोगाचा धोका थोडा वाढतो तो याच अस्तरात. बॅरेट झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, पण ते आहे हे माहीत असलं तर लक्ष ठेवता येतं. म्हणून पाच वर्षांहून जास्त काळ वारंवार जळजळ असलेल्या पन्नाशीपुढच्या पुरुषाला, त्यातही पोट सुटलेलं असेल, धूम्रपान असेल किंवा घरात कोणाला अन्ननलिकेचा कर्करोग झाला असेल, तर मी एकदा तरी आत बघायला सांगते.

रक्ताबद्दल थोडक्यात. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही आलं, किंवा शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं झालं, तर वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते सहसा डांबरासारखं चिकट नसतं. काही वेळा रक्त दिसतच नाही, इतकं थेंबाथेंबाने जातं. मग दम लागतो, थकवा येतो आणि तपासणीत लोह कमी निघतं. जळजळ आणि लोहाची कमतरता एकत्र असतील, तर नुसती लोहाची गोळी घेऊन थांबू नये.

गिळताना दुखणं, न ठरवता वजन उतरणं, उलट्या न थांबणं आणि साठीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काहीही असलं तरी औषध घेऊन बघू म्हणत थांबू नका. आधी आत बघायचं.

यातलं काहीच नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आम्ल कमी करणारं औषध दिवसातून एकदा, जेवणाआधी अर्धा ते एक तास, असं आठ आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतात. पुष्कळ जण ते जेवल्यावर घेतात आणि गुण आला नाही म्हणतात. नीट घेऊनही आठ आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा बंद केल्यावर त्रास परत आला, तर दुर्बीण करावी. अशा वेळी तपासणीआधी दोन ते चार आठवडे ते औषध थांबवायला आम्ही सांगतो, नाहीतर औषधाने भरलेले ओरखडे दिसत नाहीत. स्वतःहून मात्र थांबवू नका.

एक अपवाद दुर्बिणीच्याही आधीचा. जळजळ जिना चढताना किंवा भरभर चालताना येत असेल आणि थांबल्यावर जात असेल, तर आधी हृदय तपासायचं. आणि बसल्याजागीही छातीत दाब येऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर गोळी शोधत बसू नका, लगेच तातडीची मदत बोलवा.