नाव-पत्त्याच्या फील्डचं टेस्टिंग: कऱ्हाडे सगळ्यात जास्त नडले

मागच्या प्रोजेक्टला ग्राहकाचं नाव-पत्ता मराठीतही घ्यायचा होता. फॉर्म रेडी, इंग्रजीत सगळं पास, मग मराठी टेस्टिंग माझ्याकडे आलं.

पहिला दणका शहराच्या फील्डला. मर्यादा ४० अक्षरांची. औरंगाबाद टाकलं, सेव्ह झालं. छत्रपती संभाजीनगर टाकलं तर फॉर्म काही बोलला नाही पण सेव्ह करताना ओरॅकल डेटाबेसची ORA-12899 एरर. आता हे नाव मात्रा-वेलांट्या-स्पेस धरून १७ कॅरेक्टर, मग ४० मध्ये का मावेना? कारण ओरॅकलमध्ये नुसतं VARCHAR2(40) लिहिलं तर डीफॉल्टला ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर ३ बाइट खातं, म्हणजे १६ त्रिक ४८ आणि स्पेसचा १, झाले ४९. औरंगाबाद २४ मध्ये बसत होतं म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. VARCHAR2(40 CHAR) केलं आणि सुटलं. ब्राउझरचं maxlength बाइट मोजत नाही, त्यामुळे नुसता फॉर्म बघून हे कळणारच नाही, सेव्ह करून परत उघडून बघायचं.

मग कऱ्हाडे. हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं, एकात सरळ ऱ येतो, दुसऱ्यात र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे! पण एका प्रकारे सेव्ह करून दुसऱ्या प्रकारे शोधलं की 'ग्राहक सापडला नाही'. त्यात भर म्हणजे आमच्या क्लीनअपच्या कोडमध्ये कोणीतरी 'न दिसणारी कॅरेक्टर काढून टाका' असं लिहून ठेवलेलं, त्याने झेडडब्ल्यूजे उडवला आणि प्रिंटवर कर्हाडे आलं, रफार ह च्या डोक्यावर. डेव्हलपर म्हणाला एनएफसी नॉर्मलायझेशन लावतो, लावलं, पण त्याने हे दोन एक होत नाहीत. शेवटी क्लीनअपच्या आधी ही ओळ टाकावी लागली:

```
s.replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D")
```

स्पेसचं त्यामानाने सोपं, पुढेमागे दोन-तीन स्पेस टाकून बघितल्या, ट्रिम होत होत्या. फक्त वर्डमधून पेस्ट केलेल्या पत्त्यात कधीकधी U+00A0 वाली स्पेस येते, ती जावास्क्रिप्टचं trim() काढतं पण ओरॅकलचं TRIM नुसतं लावलं तर तशीच ठेवतं. एक्सेलने आलेला डेटा फॉर्ममधून जातच नाही, थेट डेटाबेसला, तिथे ती राहिलीच.

आणि वसईचे D'Souza. सेव्ह व्हायला काही त्रास नाही, क्वेरीत पॅरामीटर नीट होते. पण आयफोनवरून टाइप केलं की अ‍ॅपॉस्ट्रॉफी वळलेला ’ येतो आणि काउंटरवरच्या कीबोर्डवर सरळ ', मग सर्च परत फेल. सर्चसाठी दोन्ही एकच धरा आणि नाव जसं टाकलं तसंच ठेवा म्हणून बग टाकलाय, त्यावर अजून 'लो प्रायॉरिटी' लिहिलेलं आहे. वसईची शाखा चालू झाली की बघू किती लो राहते ते.