आहेराची वही आणि आयकराची नोटीस

माझं लग्न ११ डिसेंबर २०२२ला दादरच्या एका हॉलमध्ये झालं. दीड वर्षाने, जून २०२४मध्ये, आयकर खात्याची छाननीची नोटीस आली आणि पाठोपाठ प्रश्नावली. जानेवारी २०२३मध्ये बचत खात्यात भरलेले रोख ४,३८,००० रुपये कुठले, आणि लग्नाआधी एका मैत्रिणीकडून आलेले ३,००,००० रुपये कशाचे, असं विचारलं होतं.

रोख म्हणजे आहेराची पाकिटं. मी घाबरले, कारण मित्रमंडळी, शेजारी, ऑफिसातले लोक यांच्याकडून वर्षभरात मिळून ५०,०००च्या वर पैसे भेट आले तर सगळ्याच रकमेवर कर लागतो, फक्त वरच्या भागावर नाही, एवढं मला माहीत होतं. परळच्या आमच्या चाळीतले सीए काका म्हणाले, "स्वतःच्या लग्नात नवरा-नवरीला आलेल्या आहेराला ती मर्यादा नाही. देणारा नात्यातला असो नाहीतर परका. पण पैसे आहेराचेच आहेत हे तुलाच दाखवावं लागेल, पोरी."

ते पटलं नसतं तर ती रक्कम हिशेब न लागलेली म्हणून धरली गेली असती. त्यावर ६० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर.

वाचवलं आत्याच्या वहीने. हॉलच्या दारात बसून तिने प्रत्येक पाकीट उघडून नाव आणि रक्कम लिहिली होती. तेव्हा मला ते जुन्या वळणाचं वाटलं होतं. वहीत ३१२ नोंदी होत्या, बहुतेक ५०१ आणि १,१०० रुपयांच्या. अडचण नावांची होती. "कदम काकू", "बाबांचे बँकेतले", असं लिहिलेलं. आई, आत्या आणि मी तीन रविवार बसून पूर्ण नावं आणि पत्ते भरले. पाच हजार किंवा जास्त देणारे २३ जण निघाले. त्यांच्याकडून साधं पत्र घेतलं: अमुक तारखेला लग्नात एवढी रक्कम आहेर दिली, खाली सही आणि पॅन. सोबत लग्नपत्रिका, हॉलची पावती आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला.

मैत्रिणीच्या तीन लाखांचं काम वेगळं होतं. ते २८ नोव्हेंबरला, म्हणजे लग्नाच्या तेरा दिवस आधी, खात्यातून खात्यात आले होते. कायद्यात दिवसांची मोजणी नाही, पण भेट लग्नाच्या निमित्तानेच असायला हवी. अधिकारी अशा वेळी तीन गोष्टी बघतात: देणारी व्यक्ती कोण, तिची ऐपत होती का, आणि व्यवहार खरा आहे का. म्हणून तिचं भेटपत्र, पॅन, विवरणपत्र आणि बँकेचा उतारा दिला. उताऱ्यात दोन दिवस आधी तिची मुदत ठेव मोडल्याची नोंद होती. सीए काकांनी तीच आधी शोधली. त्याजागी रोख भरणा दिसला असता, तर माझेच पैसे तिच्यामार्फत फिरवले का, हा प्रश्न उठला असता.

रोखीची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती लग्नालाही सुटत नाही. एका माणसाकडून एका प्रसंगासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हळदीला एक लाख, लग्नाला एक लाख असे तुकडे केले तरी प्रसंग एकच धरला जाऊ शकतो. दंड घेणाऱ्यावर, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा. आमच्या ४,३८,०००चा त्यात प्रश्न आला नाही, कारण मर्यादा प्रत्येक देणाऱ्यामागे आहे.

खरी चूक वही तपासताना सापडली. बाबांच्या एका मित्राने ७५,०००चा आणि दुसऱ्याने १०,०००चा चेक बाबांच्या नावाने दिला होता. चेक त्यांच्याच खात्यात जमा झाले. लग्नाची सूट लग्न करणाऱ्यालाच आहे, आईवडिलांना नाही. मित्र नातलगांत मोडत नाहीत. (मावशी मोडते, मावसभाऊ नाही, हेही तेव्हाच कळलं.) म्हणजे बाबांचे ८५,००० पूर्ण करपात्र. चेक माझ्या नावाने घ्या, एवढंच आधी सांगितलं असतं तर एक रुपयाही लागला नसता, याची मला अजून हळहळ वाटते.

बाबांना नोटीस आलेली नव्हती, म्हणून सीए काकांनी त्यांचं अद्ययावत विवरणपत्र मार्च २०२५ संपायच्या आत भरलं. बाबा २० टक्क्यांच्या टप्प्यात. उपकरासह कर १७,६८० रुपये, त्यावर लागू असेल ते व्याज, आणि उशिराबद्दल कर-व्याजाच्या बेरजेच्या २५ टक्के जादा.

माझा आदेश त्याच महिन्यात आला. उत्पन्नात एक पैसाही वाढवला नव्हता. नवऱ्याच्या बहिणीचं लग्न मे महिन्यात होतं. आत्याने तिकडे नवी वही पाठवली, तीत पूर्ण नाव, पत्ता आणि चेक कोणाच्या नावाने, असे तीन रकाने आखून.