परदेशी पार्टीला लिहिलेलं पत्र आणि त्यातला 'टू'

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद सेंद्रिय कापूस पिकवतात, कंपनी तो गोळा करून जिनिंगला लावते आणि गाठी विकते. इंग्रजीतला सगळा पत्रव्यवहार माझ्या हाताखालून जातो. वेचणीच्या ऐन हंगामात एका परदेशी पार्टीने कळवलं, की शेतं बघायला आमचा माणूस येतोय. उत्तराचा मसुदा हिशेब बघणाऱ्या पोराने तयार केला होता. लाइन जायच्या आत पत्र पाठवायचं होतं.

शेवटचं वाक्य होतं, 'वी आर लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.' मी 'मीट'वर खूण केली आणि 'मीटिंग' लिहिलं.

पोरगा हुशार आहे, नुसती दुरुस्ती त्याला चालत नाही. म्हणाला, "ताई, 'टू' आला की पुढे क्रियापदाचं पयलं रूप, आमाले तं शाळेत असंच शिकवलं. 'वॉन्ट टू गो', 'होप टू सी'. मंग इथंच 'मीटिंग' काहून?"

शाळेतला नियम खोटा नाही, पण तो एकाच 'टू'चा आहे. इंग्रजीत दिसायला सारखे दोन 'टू' आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा, 'होप टू सी'मधला. दुसरा शब्दयोगी, म्हणजे ज्याला इंग्रजी व्याकरणात प्रेपोझिशन म्हणतात तो, 'गो टू नागपूर'मधला. या दुसऱ्याच्या पुढे नाम लागतं. तिथे क्रियापद आणायचं असेल तर त्याला 'आयएनजी' लावून नामासारखं करावं लागतं.

मी त्याला म्हटलं, 'मीट' झाकून तिथे एखादं नाम ठेवून बघ. त्याने वाचलं, 'वी आर लुकिंग फॉरवर्ड टू युवर व्हिजिट.' बरोबर बसलं. मग 'वी होप टू युवर व्हिजिट' म्हणून बघितलं आणि स्वतःच थांबला. 'होप टू'च्या पुढे नाम उभंच राहत नाही, म्हणजे तिथला 'टू' क्रियापदाचा. 'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे नाम उभं राहतं, म्हणून तिथे क्रियापद आलं तर 'मीटिंग' होऊन येतं.

'विदाउट', 'आफ्टर', 'बिफोर' यांच्या पुढे अशी चूक सहसा होत नाही. त्याच पोराने त्याच पत्रात 'आफ्टर सीइंग द फील्ड्स' बिनचूक लिहिलं होतं. कारण 'आफ्टर' हा शब्द मूळ क्रियापदाआधी लागतच नाही, तेव्हा गोंधळायला जागा नाही. 'टू' मात्र दोन्ही कामं करतो. त्यातून आपल्या मनात 'भेटायला उत्सुक आहोत' असं वाक्य असतं आणि इंग्रजीत 'ईगर टू मीट' बरोबरच आहे. अर्थ तोच राहतो, शब्द बदलतात आणि मागचा 'टू मीट' तसाच राहून जातो.

एवढंच असतं तर मी हा प्रसंग लिहिला नसता. 'टू मीट यू' राहिलं असतं तरी पार्टीला अर्थ कळलाच असता. खरा धोका पत्रातच दोन परिच्छेद वर होता.

पोराने आधी लिहिलं होतं, 'अवर फार्मर्स आर युज्ड टू वर्क विदाउट केमिकल्स.' म्हणायचं होतं, की आमच्या शेतकऱ्यांना रसायनांविना काम करायची सवय आहे. पण वाक्य कानाला खटकलं म्हणून एका संचालकांनी पेनाने 'आर' खोडला. उरलं, 'अवर फार्मर्स युज्ड टू वर्क विदाउट केमिकल्स.' व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. अर्थ मात्र असा, की आमचे शेतकरी पूर्वी रसायनांविना काम करत, आता करत नाहीत. सेंद्रिय कापूस घ्यायला निघालेल्या माणसाला आम्ही हे लिहून देणार होतो.

आमचे अध्यक्ष काकाजी शेजारीच बसले होते. अर्थ सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "एका शब्दानं सौदा गेला असता जी," एवढंच म्हणाले.

'युज्ड टू' तीन ठिकाणी तीन कामं करतो, आणि योगायोगाने तिन्ही त्या पत्रात होती. पूर्वीची, आता सुटलेली गोष्ट सांगायची तर 'युज्ड टू' आणि पुढे मूळ रूप: 'वी युज्ड टू सेल टू ट्रेडर्स.' हे आमच्या जुन्या विक्रीबद्दल होतं आणि बरोबर होतं. एखादी वस्तू कशासाठी वापरतात ते सांगायचं तरी मूळ रूपच: 'धिस मशीन इज युज्ड टू क्लीन कॉटन.' तेही बरोबर. सवय सांगायची तर मात्र 'आर युज्ड टू'मधला 'टू' शब्दयोगी आहे, म्हणून 'आर युज्ड टू वर्किंग विदाउट केमिकल्स.' तिथेही नाम ठेवून बघता येतं: 'दे आर युज्ड टू हार्ड वर्क.' ज्या वाक्यात 'आर' हवाच होता, त्यातून तो खोडला गेला. चूक 'वर्क'मध्ये होती.

पोराला आता नामाची कसोटी भलतीच आवडली. तो पत्र वरून खाली तपासत सुटला आणि 'वी अग्री टू सप्लाय'समोर अडला. म्हणाला, "'वी अग्री टू युवर रेट' पण चालते नं? मंग इथं 'सप्लाइंग' करू काय?"

त्याने नेमकी मर्यादा पकडली होती. 'अग्री'ला दोन्ही 'टू' चालतात: पुढे नाम असेल तर शब्दयोगी, पुढे कृती असेल तर सहसा मूळ रूपाचा. 'वी अग्री टू सप्लाय' असंच ठेवायचं. नाम बसलं नाही तर 'टू' क्रियापदाचा हे पक्कं. नाम बसलं तर मात्र शब्दकोशात त्या शब्दाची उदाहरणं बघायची. 'लुक फॉरवर्ड टू', 'ऑब्जेक्ट टू', 'इन अ‍ॅडिशन टू', 'विथ अ व्ह्यू टू' यांच्या पुढे 'आयएनजी'च येतं, आणि हे चार आमच्या पत्रांत सारखे लागतात. शिवाय 'सप्लाय', 'एक्सपोर्ट', 'व्हिजिट' हे शब्द नामही आहेत आणि क्रियापदही, म्हणून त्यांच्याजवळ चूक लपून राहते. 'विथ अ व्ह्यू टू एक्सपोर्ट' वाचून लिहिणाऱ्याला नियम माहीत आहे की नाही ते कळत नाही. तिथे निव्वळ क्रियापद असलेला 'सेंड' घालून बघितलं की कळतं.

काकाजींनी विचारलं, "पण एकाच शब्दाले दोन कामं दिली कोणं?" मला हा प्रश्न फार आवडला. जुन्या इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'टू' शब्दयोगीच होता. त्याच्या पुढे क्रियापदाचं एक विभक्ती लागलेलं, नामासारखं रूप यायचं. आपल्या 'भेटायला'त 'भेटाय'ला 'ला' लागतो, काहीसं तसंच. पुढे ते प्रत्यय झिजले, रूप उघडं पडलं आणि 'टू' ही निव्वळ क्रियापदाची खूण वाटू लागली. नामाआधीचा 'टू' होता तसाच राहिला, आणि त्याच्यापुढच्या क्रियापदाने 'आयएनजी'चं रूप घेतलं.

पत्र लाइन जायच्या आत गेलं. त्यात 'वी आर लुकिंग'ऐवजी 'वी लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' ठेवलं, कारण पहिल्या औपचारिक पत्राला साधा वर्तमानकाळ अधिक शोभतो.

संध्याकाळी पोराने दुसऱ्या पार्टीचा मसुदा आणून दिला. त्यात होतं, 'वी होप टू मीटिंग यू सून.' नवा नियम शिकलेल्याच्या हातून हे हटकून होतं, म्हणून तो शिकवल्यावर पुढची काही पत्रं मी उलट्या बाजूनेही तपासते. मी 'होप'खाली रेघ मारून कागद परत दिला. तो 'वी होप टू युवर व्हिजिट' असं पुटपुटला, 'आयएनजी' खोडला आणि छापायला गेला.