‘प्रशासकीय कारणास्तव’ जत

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका तालुक्यात मी मंडळ अधिकारी होतो. एका वारस नोंदीत फक्त दोन भावांची नावं होती. नोटिशीचे पंधरा दिवस संपायच्या आत बहिणीनं लेखी हरकत दिली. मी पोच दिली आणि प्रकरण तक्रार नोंदवहीत घेतलं. हरकत आली की नोंद थेट मंजूर करता येत नाही, दोन्ही बाजूंना सुनावणी द्यावी लागते.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बोट आपटत म्हणाले, “ती हरकत मुदतीनंतर आली असं धरा आणि मंजूर करा.” मी म्हणालो, “साहेब, पोचेवर तारीख आहे. तुम्ही लेखी आदेश द्या, मी बघतो.” लेखी मागितलं की केबिनमधलं वातावरण कसं होतं, ते महसूलवाल्यांना सांगायला नको.

ऑक्टोबरमध्ये बदलीचा आदेश आला: ‘प्रशासकीय कारणास्तव’ जत, म्हणजे जिल्ह्याच्या टोकाचा दुष्काळी तालुका, आणि आजच कार्यमुक्त. माझी तीन वर्षं पूर्ण व्हायला बराच अवकाश होता. संध्याकाळी दुसऱ्यानं चार्जही घेतला. मित्र म्हणाले, “गप जा, मे महिन्यात परत ये.” सल्ला वाईट नव्हता, पण जतला गेलेला माणूस मेमध्ये परत येतो, असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

मी रुजू झालो, पण अर्जात ‘हक्क राखून’ असं लिहिलं. रुजूच झालो नसतो तर गैरहजेरीचं दुसरं प्रकरण अंगावर आलं असतं. मग माहिती अधिकारात बदलीच्या फाइलची टिपणी मागितली. खरं काय ते आदेशात कधी नसतं, टिपणीत असतं. तिथं लिहिलं होतं: ‘वरिष्ठांचे आदेश पाळत नाहीत, कामाची गती असमाधानकारक.’ मला एकही मेमो आला नव्हता, खुलासा विचारला नव्हता.

मुंबईच्या न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, वकिलांनी तेवढंच धरलं. 2005 च्या बदली कायद्यानुसार मुदतीआधी आणि एप्रिल-मे सोडून बदली करायची तर विशेष कारण लेखी हवं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यताही हवी. इथं मान्यतेचा कागदच नव्हता. शिवाय कसूर असेल तर चौकशी करा, बदलीच्या आडून शिक्षा नको, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये सोमेश तिवारी प्रकरणात सांगितलेलं आहे.

स्थगिती मात्र मिळाली नाही. माझ्या जागी माणूस आधीच बसला होता. म्हणूनच असे आदेश संध्याकाळी निघतात आणि चार्ज त्याच दिवशी होतो. ते कळत असूनही मी वकिलाला फोन दुसऱ्या दिवशी दुपारी करू शकलो.

अंतिम निकालात आदेश रद्द झाला. मी मूळ जागी परतलो तेव्हा साहेब तिथं नव्हते. त्यांचीही बदली झाली होती, पण मे महिन्यात, नियमाप्रमाणे.