आमची वाटचाल: गठ्ठा आधी लावायचा, वाचायचा नंतर

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. २०१२ साली झेरॉक्स, स्कॅनिंग आणि मराठी टायपिंग एवढ्यावरच सुरुवात केली होती, एक मशीन, एक कॉम्प्युटर, मी आणि बायको. वकील लोक यायचे, अर्ज टाइप करून घ्यायचे, चहा पिऊन जायचे. मग त्यातल्याच एका वकीलसाहेबांनी एकदा विचारलं, की "पक्षकाराने एवढा मोठा गठ्ठा आणून टाकलाय, जरा वाचून मला दोन पानात सांगाल का यात काय आहे?" आम्ही हो म्हणालो, पैसे बरे मिळत होते. तिथून धंद्याने वळण घेतलं ते घेतलंच.

पहिलंच काम आम्ही बिघडवलं, लपवण्यासारखं काही नाही. पीडीएफ ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने वाचत गेलो आणि वाचता वाचता सारांश लिहीत गेलो. त्यात एका फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याच्या नोंदीची, सही-शिक्क्याची नक्कल होती, खाली ठळक तारीख २०१९ ची. मी बिनधास्त लिहिलं की २०१९ साली फेरफार झाला. मुळात फेरफार होता १९८७ चा, २०१९ ही फक्त नक्कल मिळाल्याची तारीख. साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, "अहो, ह्यातला देणारा माणूस १९९१ ला वारलाय, त्याने २०१९ ला जमीन कशी दिली?" त्या कामाचे पैसे मी मागितलेच नाहीत.

त्यानंतर आमच्याकडे भाऊसाहेब आले. निवृत्त तलाठी, नौपाड्यात राहतात, सकाळी फिरून झालं की अकरा वाजता ऑफिसात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सारांश-बिरांश विसरा, आधी गठ्ठा लावायला शिका. खरं सांगतो मला तेव्हा हे कारकुनी काम वाटलं होतं, म्हणजे ज्याचे पैसे कोण देणार असं. आज आमच्या बिलात सगळ्यात मोठी ओळ तीच आहे.

आमची पद्धत एका केसवरून सांगतो म्हणजे कळेल. नावगाव अर्थातच सांगणार नाही, थोडे तपशील बदललेत. घोडबंदर रोडच्या बाजूची जमीन, मूळ आजोबांच्या नावावर, आजोबा १९७९ ला गेले, मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. आता त्या मुलीची मुलगी, म्हणजे नात, विचारत होती की सातबाऱ्यावरून आईचं नाव गेलं कधी आणि गेलं कशाने. वकीलसाहेबांचा प्रश्नही तेवढाच. व्हॉट्सॅपवर तीन पीडीएफ आल्या, मिळून २८६ पानं. भाच्याने मोबाइलवर स्कॅन केलेली, काही आडवी, काहींवर अंगठा.

पहिल्या फेरीत आम्ही काहीच वाचत नाही, फक्त कागद कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेवढं मार्क करतो. हे ऐकायला सोपं वाटतं पण सगळी गडबड इथेच असते, कारण एका फाइलमध्ये वीस कागद एकाला एक चिकटलेले असतात आणि एकच कागद दोन फाइलमध्ये फाटलेला असतो. नोंदणी झालेला दस्त असेल तर एक मोठी सोय असते, प्रत्येक पानावर शिक्क्याचा छोटा चौकोन असतो, त्यात टनन (म्हणजे ठाण्याचं दुय्यम निबंधक ऑफिस), दस्त नंबर, साल, आणि एकूण किती पानांपैकी हे कितवं पान ते लिहिलेलं असतं. पत्त्यांसारखी पिसलेली पानं त्या चौकोनावरून पुन्हा जुळवता येतात, आणि कुठलं पान गायब आहे तेही लगेच दिसतं. ह्या केसमध्ये एका खरेदीखताची ३१ पानं दोन फाइलमध्ये विखुरलेली होती आणि १७ वं पान नव्हतंच. साध्या कागदाला असा चौकोन नसतो, तिथे मग सही, शेवटचं अर्धवट वाक्य, कागदाचा रंग, स्टेपलची भोकं असलं बघत बसावं लागतं. २८६ पानांचे असे ६१ कागद निघाले.

दुसऱ्या फेरीत प्रकार. सातबारा, फेरफार, खरेदीखत, हक्कसोडपत्र, नोटीस, पावती, पत्र, आणि "इतर". भाऊसाहेबांचा एक नियम आहे की मथळ्यावर जायचं नाही, मजकुरावर जायचं. वर "करारनामा" लिहिलेलं असतं आणि आत नुसती पैसे घेतल्याची पावती असते. दुसरा घोळ डुप्लिकेटचा. सातबारे सगळे सारखेच दिसतात, म्हणून पोरं एक ठेवून बाकीचे डुप्लिकेट म्हणून बाजूला टाकतात, पण दोन वेगळ्या सालचे उतारे हे दोन वेगळे कागद आहेत, एकात नाव उघडं असतं आणि दुसऱ्यात त्याच नावाला कंस पडलेला असतो, म्हणजे ते कमी झालंय. आपला सगळा प्रश्नच त्या कंसाचा होता! म्हणून डुप्लिकेट म्हणायचं तर अक्षर न् अक्षर आणि शेरे न् शेरे सारखे पाहिजेत.

तिसरी फेरी तारखांची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. एका कागदावर एक तारीख नसतेच. फेरफारावर नोंद घातल्याची तारीख असते, मंजुरीची असते, ज्या घटनेमुळे नोंद घातली त्या घटनेची असते आणि नक्कल दिल्याची असते, वर पीडीएफची स्वतःची स्कॅनची तारीख. दस्तावर सही केल्याची वेगळी आणि नोंदणीची वेगळी, कायद्याने सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यायचा असतो, म्हणजे ह्या दोन तारखांत चांगलं अंतर पडू शकतं. म्हणून आमच्या एक्सेलमध्ये तारखेचा एक कॉलम नाही, चार आहेत: घटना, सही, नोंद, नक्कल. जी नाही ती रिकामी, अंदाजाने भरायची नाही. आणि तारीख लिहायची `1994-06-05` अशीच, सेल आधी टेक्स्ट करून, कारण 5/6/94 टाकलं की एखाद्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असते आणि जूनचा मे होऊन बसतो, कुणाला कळतही नाही. हाताने लिहिलेल्या १ आणि ९ चा गोंधळ तर विचारूच नका.

तारीखच नसेल तर? तर कागदच थोडंफार बोलतो. वर "ठाणे नगरपालिका" असेल तर कागद बहुतेक १९८२ च्या आधीचा, कारण त्या साली महानगरपालिका झाली. पनवेल-उरणकडचा कागद असेल आणि जिल्हा "कुलाबा" लिहिला असेल तर १९८१ च्या आधीचा, तेव्हा रायगड नाव आलं. पत्त्यात "जिल्हा पालघर" असेल तर १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा असूच शकत नाही. पिनकोड असेल तर १९७२ च्या नंतरचा. अशा वेळी आम्ही तारखेच्या जागी "१९८२ च्या आधी" असं लिहितो आणि शेऱ्यात कारण. मात्र एक जपावं लागतं, जुनी लेटरहेड लोक नाव बदलल्यावरही वर्षानुवर्षं संपवत असतात, त्यामुळे "आधी" वाला अंदाज कच्चा आणि "नंतर" वाला पक्का.

आता त्या केसमध्ये काय झालं ते. १९८० च्या वारस फेरफारात तिन्ही भावंडांची नावं लागलेली. १९९६ च्या ऑगस्टमधल्या फेरफाराने मुलीचं नाव कमी, आधार म्हणून "हक्कसोडपत्र दि. १२/३/१९९४". ते हक्कसोडपत्रही गठ्ठ्यात होतं, वीस रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणीचा चौकोन नाही. आमच्या ताई तारखा भरत होत्या, त्यांनी शेऱ्यात लिहिलं, "पाठ नाही". म्हणजे स्टॅम्पपेपरची मागची बाजू स्कॅनमध्ये नाही. पाठीवर स्टॅम्प विक्रेत्याची नोंद असते, कुणाला विकला, कधी विकला, अनुक्रमांक. नातीला फोन केला, त्या म्हणाल्या, "मागे नुसते शिक्के आहेत हो, भाच्याने म्हणून घेतलं नसेल." दोन दिवसांनी पाठ आली. विक्रीची तारीख ३ जून १९९६.

म्हणजे मार्च १९९४ ला सही केली म्हणतात तो कागद जून १९९६ पर्यंत विकलाच गेला नव्हता. स्टॅम्प आधी घेऊन नंतर वापरतात, उलटं होत नाही. आम्ही फक्त दोन्ही तारखा दोन कॉलममध्ये लिहिल्या आणि सेल पिवळा केला. खोटा आहे की आणखी काही, आणि नोंदणी नसताना त्याची किंमत किती, हे ठरवणं वकिलाचं काम, आमचं नाही. पण आम्ही आधी सारांश लिहायला घेतला असता ना, तर "१९९४ साली मुलीने हक्क सोडला" असं एक गुळगुळीत वाक्य लिहून मोकळे झालो असतो, आणि मग कोण पाठ मागायला जातंय!

शेवटची फेरी कामाचं काय आणि बिनकामाचं काय. इथे आमचे तीनच डबे: कामाचं, बाजूला, विचारा. वकीलसाहेबांचा प्रश्न एका ओळीत वर लिहून ठेवायचा आणि प्रत्येक कागद त्याच्यासमोर धरायचा. ६१ पैकी १९ कामाचे, ३४ बाजूला, ८ विचारा. लाइट बिलं, शाळेचे दाखले, कुणाचं तरी औषधाचं प्रिस्क्रिप्शन, हे सगळं बाजूला. डिलीट काहीच नाही, हे माझं बायकोशी झालेलं जुनं भांडण आहे, तिला हार्डडिस्क भरते म्हणून राग, मी म्हणतो भरू दे.

कारण बाजूलाच्या डब्यात एक लग्नपत्रिका होती. कोपरा फाटलेला, तारीख गेलेली, उरलं होतं फक्त "वैशाख, शके १८९५". भाच्याने, म्हणजे माझ्या, आमच्याकडे कामाला असतो तो, पत्रिका बघून हसून बाजूला टाकली होती. मग लक्षात आलं की १९८० च्या फेरफारात त्या बाईंचं माहेरचं नाव लागलंय आणि हक्कसोडपत्रात सासरचं, आणि ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे जोडणारा गठ्ठ्यातला एकमेव कागद ती पत्रिका. शके अधिक ७८, वैशाख म्हणजे १९७३ चा उन्हाळा. म्हणजे १९८० ला लग्न होऊन सात वर्षं झालेली, तरी फेरफारात माहेरचंच नाव. पत्रिका कामाच्या डब्यात गेली, साहेबांना फोन करून सांगितलं की ह्याला पक्का पुरावा लागला तर लग्नाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र बघा.

ह्या सगळ्याला तीन माणसांचे साडेतीन दिवस गेले आणि सारांश त्यानंतर अर्ध्या दिवसात झाला, चार पानं. साहेब म्हणाले, "बिलात लावण्याचे जास्त आणि लिहिण्याचे कमी लावलेत, उलटं नाही का?" त्यांना एक्सेल उघडून दाखवलं, पिवळा सेल दाखवला, मग काही बोलले नाहीत.

आता नवीन काम घेताना आधी व्हॉट्सॅपवर एक मेसेज जातो, भाऊसाहेबांनीच लिहिलेला: दोन्ही बाजू स्कॅन करा, कोरी असली तरी. निम्मे लोक तरीही एकच बाजू पाठवतात. मग ताई फोन करतात.