लेफ्ट आणि राइट आयगेनव्हेक्टर : पॉप्युलेशन मॉडेल करताना आलेला माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी प्राण्यांच्या संख्येचं मॉडेल घेतलं होतं, म्हणजे वयाच्या टप्प्यांप्रमाणे मॅट्रिक्स मांडायची आणि दरवर्षी तिने गुणत जायचं, १९४५ मध्ये पॅट्रिक लेस्लीने मांडलेली पद्धत. राइट आयगेनव्हेक्टर बीएस्सीपासून ओळखीचा होता. लेफ्टवाला मात्र "ट्रान्सपोजचा आयगेनव्हेक्टर" एवढ्या एका ओळीत उरकलेला असायचा, आणि मला हवं होतं ते उत्तर नेमकं त्याच्याकडेच निघालं. म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

खरी मॅट्रिक्स मोठी होती, इथे हाताने करता येईल अशी छोटी घेतो. दोनच टप्पे, पिल्लं आणि मोठे. प्रत्येक मोठ्यामागे पुढच्या वर्षी २ पिल्लं मोजली जातात, पिल्लांपैकी ०.३ जगून मोठी होतात, मोठ्यांपैकी ०.७ टिकतात.

```
A = [ 0    2   ]
    [ 0.3  0.7 ]
```

आयगेनव्हॅल्यू निघतात १.२ आणि −०.५. म्हणजे सुरुवातीचे चढउतार विरले की संख्या वर्षाला २० टक्क्यांनी वाढणार. १.२ चा राइट आयगेनव्हेक्टर (५, ३), पडताळून बघा, पहिल्या ओळीत २ × ३ = ६ आणि दुसरीत १.५ + २.१ = ३.६, दोन्ही बरोबर १.२ पट. अर्थही सरळ आहे, बऱ्याच वर्षांनी पिल्लं आणि मोठे यांचं प्रमाण ५ ला ३ असं स्थिर होतं.

आता गाइड मॅडमनी विचारलं, "पिल्लांचं जगणं सुधारलं तर वाढीचा दर किती बदलेल, आणि मोठ्यांचं सुधारलं तर किती?" इथे राइट व्हेक्टर एकटा काही सांगत नाही, कारण त्याला फक्त कोण किती आहेत हे माहीत असतं, कोणाची किंमत किती हे नाही.

ती किंमत लेफ्ट व्हेक्टरमध्ये असते. yᵀA = λyᵀ सोडवलं की (१, ४) येतो. ओळींऐवजी कॉलम वाचायचे, कॉलम म्हणजे एका जीवाकडून पुढच्या वर्षाला काय काय मिळतं. मोठ्याची किंमत ४ धरली तर एका पिल्लाकडून पुढच्या वर्षी ०.३ × ४ = १.२ एवढी किंमत येते, म्हणजे त्याच्या १ च्या १.२ पट. मोठ्याकडून २ × १ + ०.७ × ४ = ४.८, म्हणजे ४ च्या १.२ पट. दोन्हीकडे तोच दर. A − λI आणि तिच्या ट्रान्सपोजचं डिटर्मिनंट एकच असतं, त्यामुळे आयगेनव्हॅल्यू दोन्ही बाजूंनी त्याच येतात, व्हेक्टर तेवढे वेगळे. सिमेट्रिक मॅट्रिक्सला ट्रान्सपोज म्हणजे तीच मॅट्रिक्स, तिथे दोन्ही व्हेक्टर एकच आणि म्हणूनच हा प्रश्न कधी समोर येत नाही.

किंमत ४ पट हे नुसतं गणित नाहीये, चालवून बघितलं. एकदा १७ पिल्लांपासून सुरुवात केली, एकदा १७ मोठ्यांपासून, आणि दहाव्या वर्षी पहिल्यात एकूण साधारण ४९.५ आणि दुसऱ्यात १९८ आले. बरोबर चौपट! सुरुवात कशीही असू दे, शेवटच्या आकड्यात तिचा वाटा yᵀn₀ / yᵀx एवढाच, म्हणजे सुरुवातीच्या संख्येचं लेफ्ट व्हेक्टरने वजन करून घ्यायचं.

हा वाटा इतका स्वच्छ का निघतो ते बघताना मला खरी गोष्ट सापडली. −०.५ चा राइट व्हेक्टर (४, −१) आणि लेफ्ट (३, −५). राइट-राइट गुणा, (५, ३) आणि (४, −१), येतात १७, म्हणजे ते एकमेकांना लंब नाहीत. पण लेफ्ट (१, ४) आणि दुसऱ्याचा राइट (४, −१) गुणा, ४ − ४ = शून्य. उलट जोडीही तशीच, १५ − १५ = शून्य. कारण दोन ओळींचं आहे: yᵀAx डावीकडून काढलं तर μ yᵀx, उजवीकडून काढलं तर λ yᵀx, दोन्ही एकच संख्या, म्हणून λ आणि μ वेगळे असतील तर yᵀx ला शून्य होण्यावाचून पर्याय नाही. म्हणजे सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये जी लंबता एकाच कुटुंबात मिळते ती इथे दोन कुटुंबांमध्ये वाटलेली असते. राइट व्हेक्टर कॉलम म्हणून ठेवून जी मॅट्रिक्स होते तिचा इन्व्हर्स काढला तर त्याच्या ओळी म्हणजेच लेफ्ट व्हेक्टर, इथे १७ ने भागलेले. मला वाटतं व्याख्येच्या जागी हेच आधी शिकवावं, मग बाकीचं आपोआप लक्षात येतं.

आता मॅडमचा प्रश्न. मॅट्रिक्समधली i ओळ j कॉलमची एन्ट्री जराशी बदलली तर λ किती बदलेल याचं सूत्र yᵢxⱼ / yᵀx. पिल्लांच्या जगण्यासाठी ४ × ५ / १७, म्हणजे साधारण १.१८. मोठ्यांच्या टिकण्यासाठी ४ × ३ / १७, ०.७१. पिल्लं जन्माला येण्याच्या दरासाठी फक्त ३ / १७, ०.१८. शिकवणी घेतल्यासारखं वाटेल पण सूत्र वाचून बघा, जिथून जीव निघतो तिथे ते किती आहेत (राइट) आणि जिथे पोचतो तिथे किंमत किती (लेफ्ट), दोन्हींचा गुणाकार. ०.३ चं ०.३५ केलं, सूत्र म्हणतं १.२५९ आणि खरी आयगेनव्हॅल्यू येते १.२५७. लेफ्टच्या जागीही राइटच घातला तर १.२२२ येतं, म्हणजे वाढीच्या निम्म्याहून कमी, तेव्हा एन्ट्री खरोखर बदलून एकदा ताडून बघणं हा सगळ्यात भरवशाचा चेक. १९८७ मध्ये लॉगरहेड कासवांवर असाच हिशोब झाला, त्यात समुद्रातल्या मोठ्या पिल्लांचं जगणं किनाऱ्यावरच्या अंड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं निघालं.

कॉम्प्युटरवर करताना मी हे वापरलं:

```python
from scipy.linalg import eig
w, vl, vr = eig(A, left=True, right=True)
```

लेफ्टसाठी eig(A.T) वेगळं चालवू नका असं माझं मत, कारण दोन वेळच्या रनमध्ये आयगेनव्हॅल्यूचा क्रम तोच राहील याची खात्री नाही आणि मोठ्या मॅट्रिक्समध्ये जोड्या चुकीच्या लागतात, तर वरच्या कॉलमध्ये vl आणि vr एकाच w शी जुळलेले येतात. दुसरं, आयगेनव्हॅल्यू कॉम्प्लेक्स असेल तर vl चा कॉन्जुगेट घेऊन गुणायचं, नुसता ट्रान्सपोज नाही. आणि तिसरं, प्रत्येक व्हेक्टरची लांबी १ केलेली असते, त्यामुळे yᵀx १ येत नाही, सूत्रात भागायलाच लागतं. आमच्या उदाहरणात १.२ साठी ती संख्या ०.७०७ येते (चिन्ह कधी उणेही येतं, त्याने फरक पडत नाही).

ही लांबी १ केलेली yᵀx मी आता प्रत्येक मॅट्रिक्सला आधी छापून बघतो. ती १ च्या जवळ असेल तर λ भरवशाची, शून्याकडे झुकली की एन्ट्रीतला छोटासा फरक λ ला खूप हलवतो, कारण आपण त्याच संख्येने भागतोय. टोकाचं उदाहरण [[1, 1], [0, 1]], राइट (१, ०), लेफ्ट (०, १), गुणाकार थेट शून्य, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात ०.०००१ घातलं तर आयगेनव्हॅल्यू ०.०१ ने हलतात, म्हणजे घातलेल्या फरकाच्या शंभर पट. तिथे वरचं सूत्र लागूच होत नाही, आणि पूर्ण पायाही मिळत नाही कारण आयगेनव्हेक्टर एकच आहे.